‘फक्त गेमिंगसाठी वापरलंय’ असं सांगून विकलं जाणारं कार्ड

*ताई, जुनं आरएक्स ५८० (आठ जीबी) ग्राफिक्स कार्ड घ्यायचं डोक्यात आहे. जाहिरातीतले फोटो चकाचक आहेत, सोबत कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉटही टाकलाय. विकणारा म्हणतो, ‘फक्त गेमिंगसाठी वापरलंय, मायनिंगचं नाही’. खोका हरवलाय म्हणे. किंमत बाकीच्यांपेक्षा बरीच कमी आहे, पण थोडे पैसे आधी पाठव म्हणतोय, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मायनिंगचं कार्ड ओळखायचं कसं? आणि हे घेऊ का नको? – कॉलेजातला एक वाचक*

आधी पैशांचं सांगते, कारण घाई तेवढ्याचीच आहे. कार्ड तुझ्या डोळ्यांसमोर चालल्याशिवाय एक पैसाही पाठवू नकोस. ज्याच्या दारात खरंच दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, तो त्याला विकून मोकळा होतो, तुझ्याकडे इसार मागत बसत नाही.

आता मायनिंग, म्हणजे कार्ड रात्रंदिवस राबवून आभासी चलन काढणं. कार्ड मायनिंगला लावलं होतं की नाही हे शंभर टक्के कुणालाच सांगता येत नाही. एसएसडीत किती तास चालली याची नोंद असते, तशी या कार्डांत नसते. त्यामुळे विकणाऱ्याचा शब्द खरा की खोटा यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी तपास: हे खरंच ५८० आहे का, आणि याची मेमरी व पंखे अजून धड आहेत का. दोन्हींची उत्तरं तासाभरात मिळतात आणि त्यासाठी कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही.

पहिला प्रश्न तू विचारलाच नाहीस, पण ५८० च्या बाबतीत तोच जास्त महत्त्वाचा आहे. या नावाखाली बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू फिरतात. एक म्हणजे एप्रिल २०१७ मध्ये आलेलं मूळ आरएक्स ५८०. त्यात २३०४ शेडर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे छोटे घटक, असतात. दुसरं, ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेलं ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’. हे अधिकृत कार्ड आहे, बनावट नाही, पण आतून ते जवळपास आरएक्स ५७० च आहे, कारण शेडर २०४८. खोक्यावर आणि स्टिकरवर ‘२०४८एसपी’ लिहिलेलं असतं, जाहिरातीत मात्र ती अक्षरं हमखास गळतात. (खोका हरवण्याचं एक कारण हेही असू शकतं.) तिसरी वस्तू म्हणजे साधं ५७० किंवा त्याहून जुनं ४७०, ज्यात ५८० चा बायोस, म्हणजे कार्डाच्या आतला मूळ प्रोग्राम, भरून नाव बदललेलं असतं. विंडोज आणि गेम बायोसमधलं नाव वाचतात, म्हणून सगळीकडे ‘Radeon RX 580 Series’ असंच दिसतं.

नाव बदलता येतं, पण कारखान्यात बंद केलेले शेडर बायोस भरून परत येत नाहीत. म्हणून जीपीयू-झेडच्या पहिल्या पानावर नावाकडे बघूच नकोस, थेट `Shaders` या ओळीवर ये. तिथे २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते ५८० नाही, मग वर काहीही लिहिलेलं असो. त्याच्या जवळच `TMUs` असं असतं. खऱ्या ५८० ला १४४ आणि ५७० ला १२८. हे दोन आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. जुळत नसतील तर समोरचा स्क्रीनशॉट कुणीतरी हाताने रंगवलाय.

पुढची ओळ `Device ID`. मूळ ४७०, ४८०, ५७०, ५८० या चौघांचा क्रमांक एकच असतो, `1002 67DF`. २०४८एसपीचा वेगळा असतो, `1002 6FDF`. एका अक्षराची अदलाबदल आहे, घाईत नजरेतून निसटते. म्हणजे शेडर २०४८ आणि क्रमांक `6FDF` असेल तर कार्ड कारखान्यातूनच तसं आलंय, विकणाऱ्याने फक्त पूर्ण नाव सांगितलं नाही. शेडर २०४८ आणि क्रमांक `67DF`, तरीही नाव ५८०, असं असेल तर कुणीतरी बायोस बदललाय. पहिल्या प्रकारात किंमत ५७० ची लावून सौदा करता येतो. दुसऱ्या प्रकारात मी तरी उठून येईन, कारण ज्याने एक गोष्ट बदलून लपवली, त्याने आणखी काय लपवलंय हे शोधत बसायला माझ्याकडे वेळ नाही.

फरक किती पडतो? २०४८ म्हणजे २३०४ पेक्षा ११ टक्के कमी. खेळताना कदाचित तुला कळणारही नाही. पण पैसे मोजताना कळायला हवं, आणि उद्या तू ते विकशील तेव्हा पुढच्या माणसाला तुला खरं सांगावं लागेल.

तू पाहिलेल्या स्क्रीनशॉटला माझ्या लेखी किंमत शून्य. तो दुसऱ्याच्या कार्डाचा असू शकतो, जुना असू शकतो, चित्र बदलण्याच्या साध्या ॲपमध्ये आकडा बदललेला असू शकतो. त्याऐवजी विकणाऱ्याला जीपीयू-झेडच्या `Validation` पानावर जायला सांग. तिथे नाव टाकायची जागा असते. त्यात तू सांगशील तो शब्द टाकून माहिती अपलोड करायची आणि मिळालेली लिंक तुला पाठवायची. माहिती थेट प्रोग्राममधून जाते, त्यामुळे तिथे चित्रकला चालत नाही. अर्थात ती लिंक त्याच कार्डाची आहे याचा पुरावा म्हणून एक सलग व्हिडिओ हवा: कार्डाच्या मागचं स्टिकर आणि त्यावरचा अनुक्रमांक, शेजारी आजची तारीख व तुझं नाव लिहिलेला कागद, मग कार्ड खाचेत बसवणं, मशीन सुरू करणं, आणि पडद्यावर जीपीयू-झेड. मध्ये कुठेही कट नको. ज्याच्या हातात खरंच कार्ड आहे त्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे फक्त फोटो आहेत त्याला अचानक गावाला जावं लागतं, मशीन बिघडतं, नाहीतर त्याला राग येतो.

जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकूनही बघ. तोच फोटो एखाद्या दुकानाच्या पानावर किंवा जुन्या परीक्षणात सापडला तर विषय संपला. ‘चकाचक’ हा शब्द तू कौतुकाने लिहिलायस, पण मला तो खटकला. वापरलेल्या कार्डाच्या फोटोत टेबल दिसतं, वायरी दिसतात, पंख्याच्या पात्यांवर बारीक धूळ दिसते. मागे पांढरीशुभ्र पार्श्वभूमी आणि कार्डावर एकही ओरखडा नाही, असे फोटो कंपनीच्या पानावर शोभतात.

समजा कार्ड खरं निघालं आणि तू बघायला गेलास. मशीनला लावण्याआधी ते पाच मिनिटं हातात घेऊन खिडकीच्या उजेडात बघ.

नक्की काय शोधायचं हे कळण्यासाठी मायनिंगमध्ये कार्डाचं काय होतं ते आधी सांगते. या कार्डांवर बहुतेक इथेरियम काढलं जायचं, आणि ते काम मुख्य चिपपेक्षा मेमरीवर जास्त भार टाकतं. हुशार मायनर चिपचा वेग आणि व्होल्टेज उतरवतो, कारण त्याला वीज वाचवायची असते, आणि मेमरीचा वेग मात्र चढवतो. म्हणजे चिपला तसा आरामच मिळतो, तापमानही तासन्‌तास एकसारखं राहतं. झिजतात ते पंखे, आणि शिजते ती मेमरी. दोन वर्षं अखंड चाललेलं कार्ड म्हणजे १७,५२० तास झाले. रोज चार तास खेळणाऱ्याला तेवढे भरायला बारा वर्षं लागतील. इथेरियमची ही पद्धत १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झाली आणि ढिगांनी कार्डं बाजारात आली. त्यातही एक बारकावा आहे: चार जीबीची कार्डं २०२० च्या अखेरीसच या कामातून बाद झाली, कारण लागणारी फाइल त्यांच्या मेमरीत मावेनाशी झाली. तू बघतोयस ते आठ जीबीचं, म्हणजे शेवटपर्यंत राबवता येण्याजोगं. म्हणून या मॉडेलच्या बाबतीत मायनिंग झालंय असंच धरून चालावं आणि किंमतही त्याच हिशेबाने बोलावी.

कार्ड हातात घेतलंस की पहिल्यांदा पंखे. बोटाने हलकेच फिरव आणि सोड. चांगला पंखा गपचूप फिरत राहतो आणि हळूहळू थांबतो. झिजलेला खरखरतो, नाहीतर अडकल्यासारखा पटकन थांबतो. पातं धरून अगदी नाजूकपणे वरखाली हलवून बघ. जरासा खेळ सगळ्यांतच असतो, पण पातं चौकटीला टेकत असेल तर बेअरिंग गेलं. मग कार्ड आडवं धर आणि हीटसिंकच्या पट्ट्यांमधून मेमरीच्या बाजूला डोकाव. चिपांच्या कडेला तेलकट, चकचकीत डाग दिसतो का? थर्मल पॅड खूप काळ तापले की त्यातलं सिलिकॉनचं तेल पाझरतं. त्याने लगेच काही बिघडत नाही, पण पॅड कोरडे पडत चाललेत आणि ते बदलावे लागतील, हे कळतं.

धातूच्या पट्टीवर, जिथे मॉनिटरची केबल लागते तिथे, मार्करने लिहिलेला आकडा किंवा त्याच्या पुसट खुणा आहेत का ते बघ. पाच-पंचवीस कार्डं एका रॅकवर असली की मालक त्यांना नंबर घालतोच. घरी एक कार्ड वापरणारा कशाला घालेल? पट्टीवर गंज असेल तर कार्ड दमट, उघड्या जागी होतं. वीज घेणाऱ्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बघ. प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा एखाद्या भोकाशी वितळलेलं असेल तर ते कार्ड घ्यायचं नाही, यात घासाघीस नको. सोल्डरच्या बाजूची पाटी तपकिरी झालेली असेल तरीही नको.

उलटा प्रकारही असतो. काही जण विकण्याआधी कार्डं चक्क पाण्याने धुतात. मग धूळ नावालाही दिसत नाही, पण स्टिकरची कड फुगलेली किंवा सुरकुतलेली असते, आणि हीटसिंकच्या खाली, जिथे कापड पोचत नाही, तिथे पाणी सुकल्याचे पांढुरके डाग राहतात. सहा-सात वर्षं जुनं कार्ड आणि आत धुळीचा कणही नाही, असं दिसलं की मी भिंग काढते.

स्क्रूवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे असले तर लगेच बिचकू नकोस. कार्ड उघडलं होतं एवढंच त्याने कळतं. विचार, का उघडलं होतं. ‘पेस्ट बदलली, पॅड बदलले, अमुक जाडीचे घातले’ असं उत्तर आलं तर उलट बरंच आहे. ‘नाही हो, कधीच नाही उघडलं’ आणि चारही स्क्रूंच्या खाचा सोललेल्या, असं असेल तर ते खोटं तुझ्या डोळ्यांदेखत पकडलं गेलं.

आता मशीनवर. जमलं तर तुझंच मशीन ने, किंवा विकणाऱ्याला तुझ्याकडे यायला सांग. त्याचं कारण बायोसमध्ये आहे. मायनर या कार्डांच्या बायोसमध्ये मेमरीच्या टायमिंगची मोडतोड करायचे, म्हणजे ती जास्त जोरात पळावी. एएमडीचा ड्रायव्हर असा बदललेला बायोस ओळखतो आणि चालायला नकार देतो. तो नकार गप्प करण्यासाठी ड्रायव्हरलाच ठिगळ लावायची युक्ती आहे, आणि विकणाऱ्याच्या मशीनवर ते ठिगळ आधीच लावलेलं असू शकतं. तिथे सगळं सुरळीत दिसतं. घरी आणून तू ताजा ड्रायव्हर टाकतोस आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण व `Code 43` येतो.

एका मुलाने माझ्याकडे नेमकं असंच कार्ड आणलं होतं. घेताना चाललं, घरी ड्रायव्हर बसेना. जीपीयू-झेडमध्ये शेडर २३०४, क्रमांक `67DF`, म्हणजे कार्ड अस्सल होतं. पण `Default Clock` च्या ओळीत चिपचा वेग ११५० मेगाहर्ट्झ. मूळ ५८० चा बूस्ट वेग १३४० असतो, आणि निरनिराळ्या कंपन्या तो थोडा वरच ठेवतात, खाली नाही. `Default` ची ओळ बायोसमध्ये लिहिलेला आकडा दाखवते, तेव्हा तो कुणीतरी मुद्दाम उतरवलाय हे उघड होतं. मेमरीचा आकडा मात्र मूळ २००० च्या वर चढवलेला. मायनिंगचा याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही. बऱ्याच ५८० कार्डांवर वरच्या कडेला एक चिमुकलं बटण असतं, दोन बायोसमधला एक निवडण्यासाठी. आम्ही मशीन बंद करून ते सरकवलं, पुन्हा चालू केलं, आणि ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला. दुसऱ्या बायोसला मायनरने हात लावला नव्हता. त्यानंतर मेमरीची चाचणी केली, त्यातही कार्ड पास झालं. कार्ड मायनिंगचं होतंच, पण चांगलं होतं. तो ते अजून वापरतोय.

म्हणून तुझ्या चाचणीचा क्रम असा ठेव. ताजा ड्रायव्हर टाकायचा आणि तो बसतो का बघायचं. मग जीपीयू-झेडमध्ये शेडर, क्रमांक, `Default Clock`, आणि `Bus Interface`. शेवटच्या ओळीत भार असताना `x16` दिसायला हवं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबलं की तो भार जीपीयू-झेड स्वतःच देतो. तिथे `x8` किंवा `x1` वर अडकलं तर खाचेत बसणारे पट्टे पुसून पुन्हा बसव. तरीही तेच राहिलं आणि तुझ्या बोर्डाची ती खाच पूर्ण सोळाची असेल, तर कार्डाच्या त्या बाजूचं काहीतरी तुटलंय.

यानंतर वीस मिनिटं भार: फरमार्क किंवा सुपरपोझिशन, जे हाताशी असेल ते. भार आधी आणि मेमरीची चाचणी नंतर, हा क्रम उलटा करू नकोस. थकलेली मेमरी थंड असताना शहाण्यासारखी वागते आणि तापली की चुका करायला लागते. विकणाऱ्याला दोन मिनिटं दाखवून मोकळं व्हायचं असतं ते त्याचमुळे. ५८० चं तापमान ७०-८० अंशांत राहिलं तर छान. ८५ च्या पुढे जाऊन वेग घसरू लागला तर पेस्ट वाळलीय. ते दुरुस्त होतं, किमतीत धरायचं. पंखे सुरुवातीला फिरत नसतील तर घाबरू नकोस, बरीच कार्डं गार असताना पंखे बंदच ठेवतात. पण भाराखाली दोन्ही फिरायला हवेत, आणि ड्रायव्हरमधून वेग १०० टक्क्यांवर नेऊन कान देऊन ऐक.

कार्ड गरम असतानाच ओसीसीटीमधली मेमरीची चाचणी, किंवा `memtest_vulkan`, चालव. एक चूक निघाली तरी कार्ड नको. ‘एकच तर आहे’ असं काही नसतं, ती उद्या शंभर होते. याच वेळी शेजारी `HWiNFO` उघडं ठेव आणि त्यात `GPU Memory Errors` ही ओळ शोध. ती शून्यावर राहिली पाहिजे. ही ओळ मला फार आवडते, कारण या मेमरीत डेटा चिपपर्यंत नेताना चूक झाली तर ती पकडून पुन्हा पाठवायची सोय असते. पडद्यावर एकही ठिपका न दिसता आत चुका चालू असू शकतात. तुला फक्त खेळ अधूनमधून अडखळल्यासारखा वाटतो. तो आकडा मात्र गपचूप वाढत असतो.

पडद्यावर दिसणाऱ्या खुणा याच्या पुढच्या पायरीच्या. रंगीत ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, मशीन सुरू होतानाच अक्षरं फाटणं. असं काही दिसलं तर पुढच्या चाचण्या करायचीही गरज नाही.

हे सगळं ५८० पुरतं झालं. शोधता शोधता तू एनव्हिडियाच्या कार्डांकडे वळलास तर तिथली फसवणूक वेगळ्या जातीची आहे, म्हणून तेवढं सांगते. ‘जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी, नवं’ म्हणून विकली जाणारी कितीतरी कार्डं आतून २०१० सालची जीटीएस ४५० निघतात. शेडर ७६८ ऐवजी १९२, आणि बायोस असा बदललेला की मेमरी चार जीबी दिसावी. प्रत्यक्षात असते एक जीबी, त्यामुळे खेळ तेवढ्यावर पोचला की मशीन कोसळतं. हे ओळखायला मशीनही लागत नाही: कार्डाच्या मागे निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट दिसलं की समज. खऱ्या १०५० टीआयच्या पिढीच्या एनव्हिडिया चिपमध्ये ॲनालॉग सिग्नलची सोयच उरली नव्हती. जीपीयू-झेड २.१२ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१८ पासून, अशी कार्डं ओळखून नावाआधी `[FAKE]` लिहितं. म्हणून स्वतःच्या पेनड्राइव्हवर ताजी प्रत घेऊन जा. विकणाऱ्याकडची जुनी प्रत चालवू नकोस. आणखी एक गंमत म्हणजे `memtest_vulkan` त्या जुन्या चिपवर सुरूच होत नाही, कारण तिला व्हल्कन येतच नाही. चाचणी न चालणं हेच तिथे उत्तर.

लिनक्सवर किंवा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एवढं टाकलं तरी नाव, मेमरी, खाचेची रुंदी आणि बायोसची आवृत्ती एका ओळीत मिळते:

```
nvidia-smi --query-gpu=name,memory.total,pcie.link.width.current,vbios_version --format=csv
```

काही ठिकाणी नाव खरंच असतं, फक्त अर्धं सांगितलेलं असतं. जीटीएक्स १०६० तीन जीबीचं आणि सहा जीबीचं, यांत फक्त मेमरीचा फरक नाही, शेडरही ११५२ आणि १२८० असे वेगळे आहेत. आरटीएक्स ३०६० बारा जीबीची मेमरीची वाट १९२ बिटची, आठ जीबीची १२८ बिटची. आणि ३०८० किंवा ३०९० घेणार असशील तर `HWiNFO` मध्ये `GPU Memory Junction Temperature` बघितल्याशिवाय हलू नकोस. ११० अंशांना ती मेमरी स्वतःचा वेग उतरवते. मायनिंगला जुंपलेली ३०९० वर्षानुवर्षं त्याच्या आसपास चालवलेली असू शकते, आणि तिच्या पाठीवरही मेमरी चिप असतात, ज्यांच्याकडे पंखा ढुंकूनही बघत नाही. ५८० मध्ये मेमरीचं तापमान दिसतच नाही, म्हणून तिथे चुकांची चाचणी एवढी धरून बसायची.

आता तुझा दुसरा प्रश्न, घेऊ का नको. सलग व्हिडिओ आणि व्हॅलिडेशनची लिंक माग. दोन्ही आली, शेडर २३०४ निघाले, आणि तो समोरासमोर चाचणी करू द्यायला तयार असेल, तर जरूर जा. मायनिंग झालेलं असलं तरी जा. नीट हवा मिळालेल्या रॅकवरचं कार्ड, बंद पेटीत धूळ खात ओव्हरक्लॉक करून चालवलेल्या गेमिंगच्या कार्डापेक्षा मी कधीही आधी उचलेन. किमतीतून मात्र नवे पंखे, पॅड आणि पेस्ट यांचा खर्च वजा करून बोल, ती कामं आज ना उद्या निघणारच. समोर भेटणं शक्यच नसेल तर जिथे वस्तू पोचून तपासेपर्यंत पैसे विकणाऱ्याला मिळत नाहीत, अशाच ठिकाणाहून घे, आणि व्यवहार त्या ठिकाणाच्या बाहेर नेऊ देऊ नकोस. पार्सल आलं की पत्त्याच्या चिठ्ठीपासून अनुक्रमांकापर्यंत न थांबता चित्रण करत उघड, आणि तो क्रमांक आधीच्या व्हिडिओतल्याशी जुळवून बघ. परत करायची मुदत असेल तर सगळ्या चाचण्या त्याच रात्री उरक. कार्ड खोक्यात ठेवून परीक्षा संपायची वाट बघू नकोस.

आणि जायच्या आधी तुझ्या मशीनचा पॉवर सप्लाय उघडून बघ. ५८० एकटं १८५ वॉटपर्यंत ओढतं आणि त्याला आठ पिनांची केबल लागते. सप्लाय तोकडा असेल तर भार देताच मशीन बंद पडेल, आणि तू चांगलं कार्ड खराब समजून परत येशील.